एकाच बाटलीतून तीन समतोल स्थिरांक: इथिल ॲसिटेटच्या प्रयोगाचे प्रकरण

## पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावी असलेल्या एका महाविद्यालयात तृतीय वर्ष रसायनशास्त्राच्या तिघा विद्यार्थ्यांनी प्रकल्पासाठी एक जुना आणि वरवर सोपा वाटणारा प्रयोग निवडला. ॲसेटिक आम्ल आणि इथेनॉल यांपासून इथिल ॲसिटेट हे एस्टर तयार होते आणि सोबत पाणी सुटते. ही अभिक्रिया पूर्णत्वाला जात नाही. काही आम्ल आणि काही अल्कोहोल शिल्लक असतानाच ती समतोलाला येते.

CH₃COOH + C₂H₅OH ⇌ CH₃COOC₂H₅ + H₂O

प्रकल्पाचे दोन भाग ठरले होते. सुरुवातीला घेतलेले मोल आणि शेवटी उरलेले आम्ल यांवरून समतोल स्थिरांक K काढणे हा पहिला भाग होता. त्या K च्या आधारे आम्ल आणि अल्कोहोल यांच्या निरनिराळ्या प्रमाणांसाठी एस्टरचा उतारा किती येईल याचे भाकीत करणे आणि त्यातले एक भाकीत प्रत्यक्ष पडताळून पाहणे हा दुसरा. उतारा म्हणजे येथे कमी पडणाऱ्या घटकाचा किती टक्के भाग एस्टरमध्ये गेला तो आकडा.

या अभिक्रियेची एक सोय अशी की समीकरणाच्या दोन्ही बाजूंना मोलांची संख्या सारखीच, म्हणजे दोन, आहे. त्यामुळे K च्या सूत्रात मिश्रणाचे आकारमान वरखाली छेदले जाते आणि संहतीऐवजी थेट मोल घालता येतात. सुरुवातीला आम्लाचे a मोल, अल्कोहोलचे b मोल आणि पाण्याचे w मोल असतील, आणि समतोलापर्यंत x मोल एस्टर तयार झाले असेल, तर

K = x(x + w) / [(a − x)(b − x)]

प्रयोगात मोजायची गोष्ट एकच, ती म्हणजे उरलेले आम्ल, अर्थात a − x. बाकीचे तीनही आकडे वजाबाकी आणि बेरीज करून मिळतात, आणि ही वजाबाकी-बेरीज सुरुवातीच्या मोलांवर उभी असल्याने a, b आणि w यांतली चूक कोणत्याही ब्यूरेटला दिसत नाही. हे संपूर्ण प्रकरण त्या एका w भोवती फिरते.

अपेक्षित आकडा गटाला माहीत होता. १८६२ च्या सुमारास बर्थेलो आणि पेआँ द सँ-जील यांनी पॅरिसमध्ये बंद नळ्यांतून हेच मिश्रण तपासले, तेव्हा समान मोल घेतल्यास सुमारे दोन-तृतीयांश भागाचे एस्टर होते असे त्यांना आढळले. दोन-तृतीयांश एस्टर, दोन-तृतीयांश पाणी, एक-तृतीयांश आम्ल आणि एक-तृतीयांश अल्कोहोल हे सूत्रात घातले की K बरोबर ४ येतो.

## पहिली फेरी आणि अडचण

गटाने बूच घट्ट बसणाऱ्या लहान काचेच्या बाटल्या घेतल्या. प्रत्येक बाटलीत ०.१०० मोल ग्लेशियल ॲसेटिक आम्ल (६.०१ ग्रॅम) आणि ०.१०० मोल समजून ४.६१ ग्रॅम अल्कोहोल वजन करून घातले, आणि उत्प्रेरक म्हणून ड्रॉपरने संहत सल्फ्युरिक आम्लाचे चार-चार थेंब टाकले. बाटल्या आठवडाभर खोलीच्या तापमानाला ठेवल्या. त्यानंतर एकेका बाटलीतले सगळे मिश्रण बर्फाच्या थंड पाण्यात ओतून, बाटली धुऊन, फिनॉल्फ्थॅलीन दर्शक वापरून १.०० मोलर सोडियम हायड्रॉक्साइडने अनुमापन केले. सबंध बाटलीच अनुमापनाला घेण्याचा निर्णय चांगला होता; त्यामुळे पिपेटने भाग काढण्यातली आणि मिश्रणाचे आकारमान ठरवण्यातली अनिश्चितता टळली. शिवाय १.०० मोलर द्रावण असल्याने ब्यूरेटवरचा प्रत्येक मिलिलिटर म्हणजे सरळ एक मिलिमोल आम्ल होते.

तीन बाटल्यांची वाचने ४३.४, ४१.९ आणि ४३.१ मिली आली. सरासरी ४२.८ धरून गटाने उरलेले आम्ल ०.०४२८ मोल आणि एस्टर ०.०५७२ मोल मांडले. K आला १.८.

अपेक्षेच्या निम्म्याहून कमी आकडा आला हे जितके खटकले, त्याहून मार्गदर्शक प्राध्यापिकेला वाचनांमधले दीड मिलिलिटरचे अंतर अधिक खटकले. वजने मिलिग्रॅमपर्यंत घेतली होती आणि एकाच ब्यूरेटमधून अनुमापन झाले होते, तेव्हा इतका फरक पडण्याला एकच जागा उरत होती, ती म्हणजे थेंब. सल्फ्युरिक आम्लाचा एक मोल दोन मोल अल्कली घेतो. चार थेंब मिळून साधारण ०.१ मिली आम्ल पडते, त्याला सुमारे ३.७ मिली अल्कली लागते, आणि थेंब लहानमोठा झाला की हा आकडाही हलतो. गटाने हे ३.७ मिली उरलेल्या ॲसेटिक आम्लाच्याच खात्यात जमा केले होते.

## पहिला निर्णय: उत्प्रेरकाचा हिशेब

येथे दोन मार्ग होते. तेवढेच चार थेंब पाण्यात टाकून कोरे अनुमापन करायचे आणि ते वाचन वजा करायचे, हा त्यांतला सोपा मार्ग. मात्र त्याने सरासरी सुधारली असती, बाटली-बाटलीतला फरक तसाच राहिला असता.

गटाने दुसरा मार्ग घेतला. ६०.०५ ग्रॅम ॲसेटिक आम्लात १.०० मिली संहत सल्फ्युरिक आम्ल मिसळून एकच साठा-मिश्रण केले आणि प्रत्येक बाटलीत त्याचा दहावा भाग, म्हणजे ६.१९ ग्रॅम, वजन करून घेतला. आता प्रत्येक बाटलीत ०.१०० मोल ॲसेटिक आम्ल आणि ३.७ मिली अल्कली घेणारे सल्फ्युरिक आम्ल अगदी सारखे आले. पडताळणीसाठी साठ्यातले १.२४ ग्रॅम अल्कोहोल न घालता थेट अनुमापनाला घेतले, तर २०.८ मिली लागले. एका बाटलीच्या मात्रेला हे १०३.७ च्या आसपास जाते, म्हणजे १०० ॲसेटिक आम्लाचे आणि ३.७ उत्प्रेरकाचे. या एका वाचनाने ग्लेशियल आम्लात पाणी फारसे नाही हेही कळले, कारण ते पातळ असते तर आकडा खाली आला असता.

दुसऱ्या फेरीत सहा बाटल्या भरल्या. त्यांतल्या तीन सातव्या दिवशी उघडल्या, वाचने ४२.६, ४२.७ आणि ४२.७ मिली. फरक जवळजवळ संपला. ३.७ वजा जाता उरलेले ॲसेटिक आम्ल ०.०३९० मोल, एस्टर ०.०६१० मोल, आणि

K = (०.०६१० × ०.०६१०) / (०.०३९० × ०.०३९०) = २.४५

वाचने एकमेकांशी इतकी जुळत होती की हा आकडा खरा मानण्याचा मोह कोणालाही झाला असता.

## दुसरा निर्णय: समतोल झाला की नाही?

K कमी येण्याचे पहिले कारण म्हणून गटाने सांगितले ते असे की अभिक्रिया अजून चालूच असावी. हा तर्क चुकीचा नव्हता, फक्त तपासायचा राहिला होता. तो तपासण्यासाठी तीन पर्याय पुढे आले.

मिश्रण उकळून समतोल लवकर गाठावा, असे एकाने सुचवले. या अभिक्रियेत उष्णता फारच थोडी देवाणघेवाण होत असल्याने तापमानाने K फारसा बदलत नाही, म्हणून तत्त्वतः हे चालले असते. पण इथिल ॲसिटेट ७७ अंशांना उकळते आणि इथेनॉल ७८ ला. संघनकाच्या तोंडातून थोडे जरी एस्टर निसटले तरी अभिक्रिया ते भरून काढण्यासाठी पुढे सरकते, आम्ल कमी उरते आणि K फुगतो. एका चुकीवर दुसरी चूक चढवून आकडा चारच्या जवळ आणण्याचा हा धोकादायक रस्ता होता, आणि तो सोडून दिला ते बरे झाले.

उरलेल्या तीन बाटल्या आणखी आठवडाभर तशाच ठेवणे हा दुसरा पर्याय होता. तिसरा पर्याय उलट बाजूने येण्याचा: ०.१०० मोल इथिल ॲसिटेट (८.८१ ग्रॅम), ०.१०० मोल पाणी (१.८० ग्रॅम) आणि ०.१० मिली सल्फ्युरिक आम्ल घेऊन सुरुवात करायची आणि किती आम्ल तयार होते ते पाहायचे. दोन्ही केले.

उलट बाजूच्या बाटलीत पहिल्या दिवशी दोन थर स्पष्ट दिसत होते, कारण एवढे पाणी एवढ्या एस्टरमध्ये विरघळत नाही. उत्प्रेरक बहुतांशी खालच्या पाण्याच्या थरात राहतो, म्हणून ही बाटली दिवसातून अनेकदा हलवावी लागली. जसजसे आम्ल आणि अल्कोहोल तयार झाले तसतशी थरांमधली रेषा पुसट होत गेली आणि अखेर एकसंध द्रव राहिला.

चौदाव्या दिवशी सरळ बाजूच्या तीन बाटल्यांनी पुन्हा ४२.६ ते ४२.८ मिली दिले. उलट बाजूच्या बाटलीने ३६.७ मिली दिले, ३.७ वजा करता ०.०३३० मोल आम्ल, म्हणजे एस्टर ०.०६७० मोल शिल्लक, आणि K आला ४.१.

हा निकाल नीट वाचायला हवा. समतोल झाला नसता तर सरळ बाजूचा K कमी आणि उलट बाजूचा जास्त येणारच, म्हणजे २.४५ आणि ४.१ ही जोडी पाहून ‘समतोल अपुरा’ असेच कोणीही म्हटले असते. पण सातव्या आणि चौदाव्या दिवसाची वाचने सारखी होती. सरळ बाजूची बाटली थांबली होती, आणि तरीही तिचा K वेगळा होता. स्थिरांक एकच असायला हवा, बाटली समतोलात आहे, अनुमापन जुळते आहे, मग सूत्रात घातलेला सुरुवातीचा एखादा आकडाच खोटा आहे. दोन्ही बाटल्यांत उत्प्रेरक आणि अल्कली तीच होती, आणि साठ्यातले ॲसेटिक आम्ल आधीच अनुमापनाने तपासलेले होते. सरळ बाजूला होते, उलट बाजूला नव्हते आणि तपासलेलेही नव्हते असे एकच द्रव्य उरत होते, ते म्हणजे अल्कोहोल.

## तिसरा निर्णय: अल्कोहोलमध्ये किती पाणी?

अल्कोहोलची बाटली मागवली तेव्हा प्रयोगशाळेतल्या मामांनी सरळच सांगितले, “मॅडम, हे नेहमीचं स्पिरिट आहे. ॲब्सोल्यूटची एकच बाटली आहे, ती परीक्षेसाठी कपाटात ठेवलीय.” अल्कोहोलवर अबकारी खात्याचे नियंत्रण असल्याने परवाना, कोटा आणि नोंदवही सांभाळत बहुतेक महाविद्यालये रेक्टिफाइड स्पिरिटवर भागवतात, त्यामुळे यात नवल काही नव्हते. बाटलीवर ‘९५%’ असे छापलेले होते.

गटाने लगेच हिशेब केला. ४.६१ ग्रॅममध्ये ९५ टक्के इथेनॉल धरले तर ०.०९५० मोल, आणि ५ टक्के पाणी म्हणजे ०.०१२८ मोल. पाण्याचे वजन नगण्य दिसते, पण पाण्याचा मोल अवघा १८ ग्रॅमचा असल्याने मोलांच्या हिशेबात ते अडीचपट जड पडते. हे आकडे घालून

K = (०.०६१० × ०.०७३८) / (०.०३९० × ०.०३४०) = ३.४

आकडा २.४५ वरून ३.४ वर चढला. एका विद्यार्थ्याचे म्हणणे पडले की दिशा बरोबर आहे, उरलेला फरक ‘प्रायोगिक त्रुटी’ म्हणून लिहावा. प्राध्यापिकेने ते मान्य केले नाही, आणि माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत मोलाचा निर्णय हाच. ०.१ मिलीच्या चुकीने येथे K जेमतेम एक टक्क्याने हलतो, ३.४ आणि ४.१ यांतले अंतर भरायला ब्यूरेटवर दोन मिलिलिटर चुकावे लागले असते, आणि वाचने तर ०.१ मध्ये जुळत होती. मोजमापाच्या अनिश्चिततेपेक्षा फरक मोठा असेल तर त्याला त्रुटी म्हणता येत नाही. त्याला कारण शोधावे लागते.

कारण लेबलावरच होते. स्पिरिटवरची टक्केवारी आकारमानाची असते, वजनाची नव्हे. १०० मिली स्पिरिटमध्ये ९५ मिली इथेनॉल असेल, तर ते ०.७८९ या घनतेने ७५.० ग्रॅम होते. आणि त्या १०० मिली स्पिरिटचे वजन ८१.१ ग्रॅम असते. वजनी प्रमाण ९२.४ टक्केच भरते.

केवळ लेबलावर विसंबणे नको म्हणून गटाने घनता मोजली. विशिष्ट गुरुत्वाची २५ मिलीची बाटली आधी पाण्याने भरून तिचे नेमके आकारमान ठरवले, मग २० अंशांच्या पाण्यात ठेवून स्पिरिटने भरली. घनता ०.८११ आली. वजनी ९५ टक्के असते तर ती ०.८०४ यायला हवी होती आणि निर्जल इथेनॉलची ०.७८९. २५ मिलीच्या बाटलीत ०.८११ आणि ०.८०४ यांतला फरक जवळपास १७५ मिलिग्रॅमचा असतो, जो साध्या विश्लेषक तराजूवरही सहज दिसतो. तापमान मात्र सांभाळावे लागते, कारण पाच अंशांची चूक घनतेला सुमारे ०.००४ ने ढकलते आणि तेवढ्याने टक्केवारी दीडने चुकते.

आता ४.६१ ग्रॅम स्पिरिटचे खरे विभाजन असे झाले: इथेनॉल ०.०९२४ मोल, पाणी ०.०१९४ मोल. समतोलाला इथेनॉल ०.०३१४ आणि पाणी ०.०८०४ मोल उरते, आणि

K = (०.०६१० × ०.०८०४) / (०.०३९० × ०.०३१४) = ४.०

ब्यूरेटवरचे एकही वाचन न बदलता २.४५ चे ३.४ आणि ३.४ चे ४.० झाले, आणि उलट बाजूच्या ४.१ शी मेळ बसला. कपाटातले ॲब्सोल्यूट अल्कोहोल मागून घेण्याचा किंवा स्पिरिट कळीच्या चुन्यावर ठेवून सुकवण्याचा पर्यायही चर्चेत आला होता. पण सुकवलेल्या स्पिरिटमध्ये किती पाणी उरले हे पुन्हा मोजावेच लागले असते. पाणी काढून टाकण्यापेक्षा ते मोजून हिशेबात धरणे येथे स्वस्त आणि पुरेसे होते.

## निरनिराळ्या प्रमाणांसाठी उतारा

K हाती आल्यावर दुसरा भाग सुरू झाला. आम्ल १ मोल आणि इथेनॉल n मोल घेतल्यास x साठी वर्गसमीकरण सोडवावे लागते. निर्जल इथेनॉलसाठी (w = ०) ते असे होते:

3x² − 4(n + 1)x + 4n = 0

n = ३ घातल्यास 3x² − 16x + 12 = 0. याची दोन उत्तरे ०.९०३ आणि ४.४३, आम्लच १ मोल असल्याने दुसरे उत्तर बाद होते. स्पिरिट वापरल्यास प्रत्येक मोल इथेनॉलबरोबर ०.२१० मोल पाणी येते, म्हणून मधल्या पदात 0.210n ची भर पडते. गटाने दोन्ही स्तंभ शेजारी मांडले.

| आम्ल : इथेनॉल | निर्जल इथेनॉल, उतारा % | हे स्पिरिट, उतारा % |
|---|---|---|
| १ : १ | ६६.७ | ६३.४ |
| १ : २ | ८४.५ | ७९.८ |
| १ : ३ | ९०.३ | ८५.३ |
| १ : ५ | ९४.५ | ८९.४ |
| १ : १० | ९७.४ | ९२.३ |

उजव्या स्तंभात एक गोष्ट दडलेली आहे. निर्जल इथेनॉल कितीही वाढवत नेले तर उतारा शंभराकडे सरकत राहतो. स्पिरिटच्या बाबतीत मात्र इथेनॉल वाढवणे म्हणजे पाणीही वाढवणे, आणि पाणी अभिक्रियेला मागे ढकलते. n फार मोठा घेतल्यास सूत्र 0.210x = 4(1 − x) एवढेच उरते, त्यातून x = ०.९५. म्हणजे या स्पिरिटने, पिंपभर ओतले तरी, ९५ टक्क्यांच्या पुढे जाता येत नाही.

मग जास्त घ्यायचे ते आम्लच का घेऊ नये, असा प्रश्न गटातल्या एका विद्यार्थिनीने काढला, आणि तो रास्त होता. निर्जल द्रव्यांसाठी सूत्र दोन्ही बाजूंनी सारखे आहे. तीन मोल आम्लाला एक मोल इथेनॉल घेतले तरी इथेनॉलवर मोजलेला उतारा ९०.३ च येतो. स्पिरिट असताना मात्र ही सममिती मोडते. एकच मोल इथेनॉल घेतल्याने पाणी ०.२१० मोलच येते आणि उतारा ८८.५ टक्के होतो, इथेनॉल तिप्पट घेतल्यास मिळणाऱ्या ८५.३ पेक्षा जास्त. याची किंमत शेवटी द्यावी लागते: उरलेले दोन मोलांहून अधिक आम्ल सोडियम कार्बोनेटने उदासीन करावे लागते, फेस सांभाळावा लागतो, आणि पाण्याच्या थरात थोडे एस्टरही वाहून जाते.

उताऱ्याच्या टक्केवारीने एक गैरसमजही होतो. एका बाटलीत एकूण ०.४ मोल द्रव्यच मावते असे धरू. ०.२ मोल आम्ल आणि ०.२ मोल इथेनॉल घेतले तर ६३.४ टक्क्यांनी ११.२ ग्रॅम एस्टर मिळते, ०.१ मोल आम्ल आणि ०.३ मोल इथेनॉल घेतले तर ८५.३ टक्क्यांनी ७.५ ग्रॅम. टक्केवारी वाढली आणि एस्टर घटले. आम्ल महाग आणि अल्कोहोल स्वस्त असेल तरच १ : ३ शहाणपणाचे, भांडे लहान असेल आणि दोन्ही द्रव्ये स्वस्त असतील तर १ : १ कडेच वळावे.

## भाकिताची पडताळणी

पडताळणीसाठी १ : ३ हे प्रमाण निवडले. ६.१९ ग्रॅम साठा-मिश्रणात १४.९६ ग्रॅम स्पिरिट घातले, म्हणजे इथेनॉल ०.३०० मोल आणि पाणी ०.०६३ मोल. भाकितानुसार १४.७ मिलिमोल आम्ल उरायला हवे, आणि उत्प्रेरक धरून वाचन १८.४ मिली यायला हवे. सातव्या दिवशी प्रत्यक्षात १८.९ मिली आले. उतारा ८४.८ टक्के, भाकिताहून अर्ध्या टक्क्याने कमी.

याच बाटलीसाठी पाण्याचा विचार न करता पुस्तकातला K = ४ वापरला असता तर वाचन १३.४ अपेक्षित होते, आणि चूक लगेच उघडी पडली असती. पण पहिल्या हिशेबातला चुकीचा K = २.४५ घेऊन, स्पिरिट शंभर टक्के इथेनॉल समजून भाकीत केले असते, तर उतारा सुमारे ८७ टक्के आला असता. खऱ्याच्या बराच जवळ! चुकीच्या K ने स्पिरिटमधले पाणी आपल्या पोटात घेतलेले असते, म्हणून त्याच स्पिरिटसाठी तो बऱ्यापैकी काम करतो. दुसऱ्या बाटलीतले अल्कोहोल घेतले की तो कोसळतो. भाकीत जवळपास जुळले एवढ्यावर K बरोबर असल्याचे मानता येत नाही, हे उलट बाजूच्या बाटलीशिवाय या गटाला कळले नसते.

१८.९ या वाचनावरून उलटा K काढला तर ३.८ येतो. येथे उरलेले आम्ल कमी असल्याने ०.१ मिलीचा परिणामही थोडा वाढतो, तरी अर्ध्या मिलीचा फरक निव्वळ वाचनाचा नसावा. मोलांवरून काढलेला K मिश्रण आदर्श असल्याचे गृहीत धरतो. अल्कोहोल भरपूर असलेल्या मिश्रणात पाणी आणि एस्टर यांची सक्रियता समान मोलांच्या मिश्रणातल्यासारखी राहत नाही, आणि त्यामुळे प्रमाणानुसार K थोडा सरकणे अपेक्षितच आहे. गटाने अहवालात ‘K सुमारे ४, प्रमाणानुसार ३.८ ते ४.१’ असे लिहिले. ३.८ चे ४.० करण्याचा प्रयत्न केला नाही.

## काय वेगळे करता आले असते

अनुमापनाच्या शेवटी गुलाबी रंग आला की काही वेळाने फिका पडतो. अल्कली थोडी जास्त झाली की एस्टरचेच जलापघटन होऊन नवे आम्ल तयार होते, हे त्याचे एक कारण. रंग फिका पडला म्हणून थेंब घालत राहिल्यास वाचन वाढतच जाते. अर्धा मिनिट टिकणारा पहिला रंग हाच अंत्यबिंदू मानण्याचे गटाने दुसऱ्या फेरीपासून ठरवले. पहिल्या फेरीत हा नियम नव्हता, आणि तिथल्या विस्कळीत वाचनांना थेंबांबरोबर याचाही हातभार असणार.

उत्प्रेरकाची निवड ही अधिक गंभीर बाब आहे. सल्फ्युरिक आम्ल इथेनॉलशी स्वतःच अभिक्रिया करून काही अंशी इथिल हायड्रोजन सल्फेट देते, आणि मग त्या रेणूला दोनऐवजी एकच अल्कली लागते. म्हणजे वजा करायचे ३.७ हे प्रत्यक्षात थोडे कमी असू शकते, आणि तसे असेल तर उरलेले ॲसेटिक आम्ल गटाने धरले त्याहून थोडे जास्त आहे. इथेनॉल जास्त असलेल्या बाटलीत हा परिणाम मोठा, म्हणजे तिचा खरा K ३.८ पेक्षाही थोडा कमी निघेल. पॅरा-टोल्युइन सल्फोनिक आम्लाचे स्फटिक वापरले असते तर ही शंका उरली नसती: ते घन असल्याने नेमके वजन करता येते, एका मोलाला एकच अल्कली लागते, आणि त्याच्या स्फटिकातला पाण्याचा एक मोल w मध्ये मिळवणे कठीण नाही. हायड्रोक्लोरिक आम्लही चालले असते, पण ते आपल्याबरोबर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ दोन-तृतीयांश पाणी आणते.

बाटल्या भरल्यावर आणि उघडण्यापूर्वी वजन करण्याची सूचना दुसऱ्या फेरीत पाळली गेली आणि घट नगण्य निघाली. पहिल्या फेरीत ती केलीच नव्हती, त्यामुळे त्या तीन बाटल्यांबद्दल आता काही ठामपणे म्हणता येत नाही. उलट बाजूची बाटलीही एकच होती. निकालाचा कल ठरवणाऱ्या बाटलीला जोडीदार हवा होता, विशेषतः तिच्यातला उत्प्रेरक साठा-मिश्रणातून न येता वेगळा मोजून घातलेला असताना. आणि आम्ल जास्त घेतल्यास स्पिरिटने ८८.५ टक्के उतारा येतो, हे भाकीत कागदावरच राहिले आहे. तीन मात्रा साठा-मिश्रण आणि ४.९९ ग्रॅम स्पिरिट घेऊन ते तपासता येईल, मात्र त्या बाटलीत सव्वादोनशे मिली अल्कली लागणार असल्याने सबंध बाटलीऐवजी वजन करून काढलेला दहावा भागच अनुमापनाला घ्यावा लागेल.